चार मात्रा आधी

कट्टा गावच्या बाजारात माझी पिठाची गिरण आहे. सकाळी तांदूळ, दुपारी नाचणी आणि कुळीथ, संध्याकाळी पट्टा उतरवून सगळं झाडून घ्यायचं. या कामात डोकं रिकामं राहतं. त्या रिकाम्या डोक्याने मी वीस-बावीस वर्षं आमच्या वाडीच्या भजन मंडळाला गजर लिहून दिले. गजर म्हणजे दोन-चार ओळींचं पद. बुवा पेटीवर एकदा म्हणतात, मागचे टाळकरी तेच उचलतात आणि हळूहळू लय वाढत जाते.

मला हे मधल्या भावाने शिकवलं. आम्ही तीन भावंडं. मी मोठी, मग तो, मग धाकटा. मधला मंडळाचा तबलजी. गाणं मला येत नाही, गळा फाटका आहे. मोजता मात्र येतं. तो म्हणायचा, "ताये, तुका गाऊक सांगतंय कोण? तू बोटां मोड."

बोटं मोडायची ती अशी. केरवा तालाच्या आठ मात्रा. पहिली सम, तिच्यावर टाळी. पाचवी खाली, तिथे डग्गा गप्प असतो आणि हात नुसता हवेत उलटा करायचा. शब्द कागदावर लिहायच्या आधी टाळी देऊन तोंडाने म्हणायचे. ओळीतला मुख्य शब्द समेवर आला पाहिजे आणि त्याचं पहिलं अक्षर दीर्घ हवं, नाहीतर समेवर आवाज टिकत नाही. आणखी एक गोष्ट त्याने मला ओरडून ओरडून शिकवली. मुख्य शब्दाने ओळ सुरू करायची नाही. आधी चार मात्रांचे शब्द द्यायचे, म्हणजे खालीवरून उचलायचं आणि समेवर पडायचं. "लोकांका आधी कळाक होया पाय खंय पडतलो तो. मगे सगळे एकदम पडतत." एकट्या बुवांच्या तोंडचा शब्द कोणी लक्षात ठेवत नाही. समेवरचा शब्द मात्र वीस माणसं एकदम म्हणतात, टाळासकट. तो घरी जाईपर्यंत डोक्यात राहतो.

मधला गेल्या वर्षी वारला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, शेवटी रक्ताची उलटी झाली. सगळ्या वाडीला कारण माहीत होतं आणि सगळी वाडी "कावीळ" म्हणत होती.

कारण दारूचं होतं आणि दारू मंडळातूनच यायची. आमच्याकडे ती रीतच पडली आहे. कार्यक्रम संपला की बुवांना चहा आणि नारळ, टाळकऱ्यांना उसळ-पाव आणि तबलजीला मांडवाच्या मागे एक बाटली. ज्याच्या घरी भजन तो ती आणून ठेवतो. कोणी विसरलाच तर बुवा आठवण करतात. हात मोकळा होतो म्हणे. मधल्याचा हात पंधरा वर्षं मोकळा होत होता. तो गेल्यावर महिन्याभरात धाकटा त्याच्याच तबल्यावर बसला, कारण मंडळात दुसरं कोणी वाजवणारं नव्हतं. धाकटा चाळिशीचा. पहिल्यापासून पिणारा, पण बेताने. तबल्यावर बसल्यापासून बेत सुटला. गिरणीत पोती उचलायला यायचा तेव्हा सकाळी नऊपर्यंत त्याची बोटं थरथरायची. माझी झोप उडाली ती त्या बोटांमुळे. गेलेल्यासाठी रडून झालं होतं. हा अजून होता.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मधल्याची बायको, माझी भावजय, गिरणीत आली. हातात डबा नव्हता, म्हणजे दळणाला आली नव्हती.

"वन्सानू, त्या दिवशी मंडळ आमच्या खळ्यात भजन करतला मा?"

"करतला. बुवांनी सांगितलंय."

"मगे एक गजर लिवा. दारूवर."

मी पट्टा बंद केला. ती कमी बोलणारी बाई. काजूच्या बिया सोलून सोलून काळी झालेली बोटं पदरात धरून उभी होती.

"माका काय त्येंच्यार केस करूची नाय," ती म्हणाली. "पण वर्षभर सगळे माका येवन सांगतत, कावीळ, कावीळ. जेंनी पाजल्यानी तेच सांगतत. एकदा तरी त्येंच्या तोंडातसून खरो शब्द येवंदे. माझ्या खळ्यात. आणि भावोजींनी आयकाक होयो."

भावोजी म्हणजे धाकटा. तिच्याही डोक्यात तोच होता.

"व्यसनावर लिहिते," मी म्हटलं. "व्यसनमुक्तीचे गजर असतात तसा."

"व्यसन नको. ता कचेरीतला. दारू म्हणा."

ती बरोबर बोलली होती, मापाच्या दृष्टीनेही. 'व्यसन' शब्दात टिकायला जागा नाही, समेवर पडतो तोच संपतो. 'दारू' मात्र चार मात्रा ताणता येतो. पहिल्यांदा मी 'दारूनं नेलं घरचं माणूस' असं काहीतरी केलं आणि खोडलं. मुख्य शब्द सुरुवातीलाच, टाळकरी सावरायच्या आत निघून जाणार. मग दोन दिवस पीठ चाळता चाळता बोटं मोडली. शेवटी बिलबुकाच्या पाठीवर ही ओळ उतरवली:

कोणी दिली दारू माझ्या हाती देवा

'कोणी दिली' चार अक्षरं, चार मात्रा, पाचवीपासून आठवीपर्यंत. समेवर 'दारू', चार मात्रा ताणून. पुन्हा खालीवरून 'माझ्या हाती', चार. पुढच्या समेवर 'देवा'. दोन आवर्तनांत ओळ पूर्ण. एका समेवर दारू, एका समेवर देव. मधला असता तर म्हणाला असता, बसला. गाणारा पिणाऱ्याच्या वतीने बोलतो, म्हणजे कोणावर थेट बोटही नाही. मला वाटलं, बुवांना नाही म्हणता येणार नाही.

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात तालीम होती. बुवांनी कागद चष्म्याजवळ नेला.

"बाये, वर्षश्राद्धाक ह्या?"

"घरच्या बाईने मागितलंय."

टाळकऱ्यांत चुळबुळ झाली. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. "तुझ्यावरच लिवल्यान बघ."

"माझ्यार कित्याक? मी फकस्त सोडा आणतंय."

हसले सगळे. बुवा हसले नाहीत. बुवा वाईट माणूस नाही. मधल्याला दवाखान्यात नेण्यासाठी रात्री गाडी त्यांनीच काढली होती. बाटलीची आठवणही तेच करायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

"बसता काय बघूया," म्हणून त्यांनी पेटी उघडली.

धाकट्याने ठेका धरला. बुवांनी दोन आवर्तनं जाऊ दिली आणि उचललं. चाल गोड बांधली होती. टाळकऱ्यांनी दुसऱ्याच फेरीला ती धरली. मी भिंतीला टेकून बोटं मोडत होते आणि माझं काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. पुन्हा मोडली. चुकत नव्हतं. बुवांनी ओळ खालीवरून उचललीच नव्हती. सरळ समेवरून सुरू केली होती. त्यामुळे 'कोणी' समेवर आणि 'दारू' पाचव्या मात्रेवर, खालीत. तिथे डग्गा गप्प, टाळ हलके. शब्द होता, सगळे म्हणत होते आणि ऐकू येत नव्हता. लय वाढली की तो पार गिळला जाणार.

हे चुकून झालेलं नव्हतं. चाळीस वर्षं पेटीवर बसलेल्या माणसाला ओळ कुठून उचलायची ते पाहूनच कळतं.

"बुवा, चार मात्रा आधी उचला," मी म्हटलं. "दारू समेवर यायला हवी."

"चालीत असोच बसता तो."

"चाल बदला."

"पोरांका जमाचा नाय." पोरं म्हणजे पन्नाशीचे बाप्ये.

"कठीण कसलं? गेल्या नामसप्ताहाचा गजर खालीवरूनच होता. तोही मीच लिहिला होता."

बुवांनी चष्मा काढून पुसला. "बाये, तू शब्द दिलंस, आमी एकय शब्द बदलूक नाय. तुझो एकूण एक शब्द म्हणतो. आता कुठचो शब्द खंय पडता ता पेटीवाल्याचा काम."

रीतीप्रमाणे ते खरंच त्यांचं काम होतं. एकच माणूस हे फिरवू शकत होता. मी धाकट्याकडे पाहिलं. तबलजीने म्हटलं असतं, बुवा, मी खालीवर उठाव देतो, तुम्ही तिथून घ्या, तर बुवांना घ्यावं लागलं असतं. धाकटा हातोडीने तबल्याच्या कडेला ठोकत होता. तबला सुरात होता. उगाच ठोकत होता.

वाटेत मी त्याला गाठलं. "तुला कळलं ना त्यांनी काय केलं?"

"कळला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माझ्या तोंडार ता म्हणतले आणि मी वाजवू, असा होया तुका?"

"हो. तसंच हवंय."

"तू लय कडक बाई, ताये," असं म्हणून तो पुढे निघून गेला, आणि कुठे गेला ते मला माहीत होतं.

भावजयीला मी काही सांगितलं नाही. तिला मात्रा मोजता येत नाहीत. शब्द म्हटला गेला एवढं तिला पुरेल आणि प्रकरण मिटेल, असा मी विचार केला. त्यात माझी सोय होती, हे आज लिहिताना दिसतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी विधी, जेवणं आटोपली आणि चारच्या सुमारास मंडळ दारापुढच्या खळ्यात बसलं. वरून माडाच्या झापांचा मांडव. पुरुष खाली, बायका पडवीत. भावजय दाराच्या चौकटीला टेकून बसली. धाकटा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला होता. वास नव्हता. बोटांवर त्याने भरपूर पावडर घेतली होती.

नमन झालं, अभंग झाले. उन्हं कलली तेव्हा बुवांनी माझा गजर घेतला, समेवरून, तालमीत घेतला तसाच.

पहिल्या दोन फेऱ्या संथ गेल्या. मग लय वाढली आणि मी ज्याची कल्पना केली नव्हती ते झालं. बुवांनीही केली नसणार. त्यांचं लक्ष 'दारू' खालीत दडवण्यावर होतं. समेवर त्यामुळे कोण येऊन बसलं आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. दारू बुडाली, देवाही बुडाला. वर राहिले फक्त समेवरचे शब्द, वीस तोंडांचे आणि टाळांचे. 'कोणी' आणि 'माझ्या'. कोणी, माझ्या, कोणी, माझ्या. मांडवात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. माझ्या ओळीत तो प्रश्न नुसता चढण म्हणून होता, समेपर्यंत पोचायला. बुवांनी तोच समेवर आणून ठेवला होता.

पडवीतल्या बायकांना आधी कळलं. बोलायच्या थांबल्या. मग त्या एकेक करून खळ्यातल्या पुरुषांकडे बघू लागल्या. स्वतःच्या नवऱ्यांकडे. सोडा आणणाऱ्याने तोंड मिटलं आणि नुसते टाळ वाजवू लागला. त्याच्या शेजारचाही गप्प झाला. आवाज पातळ होत गेला तसा बुवांचा वर आला. त्यांना कळलं होतं. थांबता येत नव्हतं, गजर मध्येच सोडत नाहीत. मान खाली घालून ते एकटेच समेवर विचारत राहिले, कोणी.

मी धाकट्याकडे बघत होते. त्याला घाम फुटला होता. पावडर ओघळून तबल्याच्या शाईवर पांढरे थेंब पडले होते. त्याने बुवांकडे पाहिलं, मग दाराकडे, भावजयीकडे. आणि मग त्याने जे केलं ते तबलजी करत नाहीत. आवर्तन संपलं तिथे त्याने चार मात्रांचा एक तुकडा जास्तीचा टाकला आणि मग समेचा धा घेतला. बुवा होते तिथेच होते. त्यांच्याखालून ताल चार मात्रा सरकला. आता डग्ग्याचा दणका 'दारू'खाली आला.

टाळकरी गोंधळले. अर्धे टाळ बुवांबरोबर, अर्धे तबल्याबरोबर. पण टाळकऱ्याचा कान डग्ग्यावर असतो, तो गळ्यामागे फार वेळ जात नाही. दोन आवर्तनांत सगळे टाळ धाकट्याकडे आले आणि सवयीने तोंडंही उघडली. समेवर आल्यावर तोंड मिटून राहणं त्यांना जमत नाही, इतकी वर्षं तेच केलेलं. वीस माणसं एकदम म्हणाली. दारू. पुढच्या समेवर देवा. पुन्हा दारू.

पाच-सहा वेळा झालं असेल. मग बुवांनी हात वर करून गजर संपवला.

भावजय उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती चुलीवर चहाचं आधण ठेवत होती.

"म्हटल्यानी मा, वन्सानू?"

"म्हटलं."

"भावोजींनी केला ता?"

तिला मात्रा मोजता येत नाहीत हा माझा समज होता.

"त्यानेच केलं."

तिने मान हलवली आणि साखरेचा डबा काढला. वीस माणसांचा चहा करायचा होता.

बाहेर बुवा पेटीवर कापड घालत होते. धाकट्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ताल सोडलोस तू." तबलजीला याहून मोठी शिवी नाही. तोंडावर थुंकलं तरी चालेल. धाकट्याने तबला-डग्गा मधल्याच्या जुन्या पिशवीत भरला. त्या दिवशी मांडवाच्या मागे बाटली नव्हती. भावजयीने ठेवली नव्हती आणि कोणी आठवण केली नाही.

त्यानंतर मंडळाने त्याला बोलावलं नाही. पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आणला. आजूबाजूच्या मंडळांतही बभ्रा झाला होता, मध्येच ताल फिरवतो म्हणून. मला वाटलं होतं, भजन सुटलं म्हणजे बाटलीही सुटेल. महिना-दीड महिना सुटली. तो रोज गिरणीत यायचा, पोती उचलायचा, डबे लावायचा. बोटं स्थिर झाली होती. मी मनात म्हटलं, एक शब्द योग्य जागी पडला की असं होतं. अशा गोष्टींवर माझा एरवी विश्वास नसतो.

मग एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारी आला तो भिंतीला धरून. आता कोणी पाजत नव्हतं. तो स्वतः जाऊन आणत होता आणि घरी एकटा बसून पीत होता, पूर्वीपेक्षा जास्त. तबला वाजवायचा तेव्हा निदान भजन होईपर्यंत तरी थांबायचा. तेवढं थांबण्याचं कारणही आम्ही काढून घेतलं. भावजय हे कधी बोलली नाही. मी बोलते, कारण ओळ माझी होती.

बुवांनी चैत्रातल्या उत्सवासाठी गजर मागायला माणूस पाठवला. मी वेळ नाही म्हणून कळवलं.

गेल्या आठवड्यात धाकट्याचं पोट फुगलेलं दिसलं. मी गिरण बंद ठेवली आणि त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मधल्याला मी याच दवाखान्यात, याच बाकावर घेऊन बसले होते. त्याला डॉक्टरांनी विचारलं होतं, घेता का, आणि तो म्हणाला होता, कधीतरी, सणासुदीला. मीही तेव्हा शेजारी गप्प बसले होते. यावेळचे डॉक्टर तरुण होते, कोल्हापूरकडचे. कागद पुढे ओढून त्यांनी तेच विचारलं.

"काही घेता का?"

मी तोंड उघडणार, त्याआधी धाकट्याने उत्तर दिलं. कचेरीत बोलावं तसं, शुद्ध मराठीत.

"दारू. रोज. अठरा वर्षं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि त्याला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं.